दुकानात दिसतात, शाळेत गायब: शॉर्टकट व्हायरस लागलेल्या एका पेन ड्राइव्हचं प्रकरण

## पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातली एक अनुदानित माध्यमिक शाळा. शाळेचे लिपिक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, त्यांच्या टेबलावर विंडोज 10 असलेला संगणक आहे. त्यावर विकत घेतलेला अँटीव्हायरस आहे आणि तो वेळच्या वेळी अपडेटही होतो. शाळेच्या संगणकांची देखभाल माझ्याकडे असते. ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत, बाकी प्रकार जसा घडला तसा आहे.

दहावीच्या परीक्षेआधीचे दिवस होते. कार्यालयातल्या प्रिंटरचा टोनर संपलेला, नवीन यायला वेळ, म्हणून भाऊसाहेब बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणत. सोबत 16 जीबीचा पेन ड्राइव्ह. त्यात जुन्या दाखल्यांचे स्कॅन, पगारबिलं आणि दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांची एक्सेल फाइल. दाखले आणि बिलं संगणकावरही होती. गुणांची फाइल मात्र भाऊसाहेब थेट पेन ड्राइव्हवरच उघडून भरत आणि तिथेच सेव्ह करत. तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

## काय घडलं

दुकानात पेन ड्राइव्ह लावला तेव्हा सगळी फोल्डर जागच्या जागी दिसत होती. फक्त प्रत्येक फोल्डरच्या चित्राला खाली डावीकडे एक छोटा बाण होता. डबल क्लिक केल्यावर फोल्डर उघडत होतं, आतल्या फाइली दिसत होत्या, प्रिंटही निघाले. गिऱ्हाइकांच्या गर्दीत त्या बाणाकडे कोण बघणार!

शाळेत आल्यावर भाऊसाहेबांनी पेन ड्राइव्ह आपल्या संगणकाला लावला. अँटीव्हायरसने कोपऱ्यात सूचना दिली की धोके सापडले आणि काढून टाकले. त्यांनी ती चौकट बंद केली, ड्राइव्ह उघडला, तर आत काहीच नाही. मधोमध एकच ओळ, `This folder is empty.`

घाबरून ते पुन्हा दुकानात गेले. तिथल्या संगणकाला पेन ड्राइव्ह लावला आणि सगळी फोल्डर परत हजर! तेच बाण, पण उघडत होती. शाळेत परत आले, लावला, पुन्हा रिकामा. दुकानदाराने आणि भाऊसाहेबांनी मिळून यातून जो निष्कर्ष काढला तो वरवर अगदी बरोबर वाटावा असा होता. शाळेचा अँटीव्हायरसच फाइली खातोय, तो बंद करा. दुकानदाराने दुसरा पर्यायही देऊन ठेवला होता: नाहीतर इथेच फॉरमॅट मारून देतो, पेन ड्राइव्ह तरी चांगला होईल.

भाऊसाहेबांनी अँटीव्हायरस बंद करण्याआधी मला फोन केला.

"सर, तो अँटीव्हायरस थोडा वेळ बंद करायचा पासवर्ड सांगा ना. दहावीचे गुण अडकलेत."

"भाऊसाहेब, पासवर्ड नंतर. आधी पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि किती जागा वापरली आहे ते वाचून दाखवा."

`Used space` समोर 3 जीबीच्या वर आकडा होता. खरोखर रिकाम्या पेन ड्राइव्हवर तिथे फारच लहान आकडा दिसतो. म्हणजे फाइली होत्या, फक्त दिसत नव्हत्या. या आकड्यावरच पुढचे सगळे निर्णय ठरले. आकडा लहान आला असता, तर रस्ता पूर्ण वेगळा घ्यावा लागला असता.

## असं का होतं

या व्हायरसचा हेतू फाइली पुसण्याचा नसतो. त्याला एका संगणकावरून दुसऱ्यावर जायचं असतं आणि त्यासाठी वापरणाऱ्याच्या हातून एक क्लिक हवा असतो. पूर्वी तोही लागत नसे. पेन ड्राइव्हवर `autorun.inf` नावाची फाइल ठेवली की ड्राइव्ह लावताक्षणी प्रोग्राम सुरू करता यायचा. विंडोज 7 मध्ये पेन ड्राइव्हसाठी ही सोय बंद झाली आणि 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टासाठीही ती बंद करणारं अपडेट दिलं. तेव्हापासून क्लिक मिळवण्यासाठी शॉर्टकटची युक्ती जास्त चालू लागली.

दुकानातल्या संगणकावर जो किडा, म्हणजे हा व्हायरस, होता, तो `.vbs` प्रकारची एक साधी मजकूर-फाइल होता. विंडोजमध्ये मुळातच असलेला `wscript.exe` हा प्रोग्राम ती चालवतो. ही फाइल पार्श्वभूमीला सतत चालू राहते आणि दर काही सेकंदांनी नवीन ड्राइव्ह लागला आहे का ते बघते. लागला की तीन कामं करते. स्वतःची प्रत ड्राइव्हवर टाकते, ड्राइव्हच्या पहिल्याच पातळीवरच्या प्रत्येक फाइलला आणि फोल्डरला लपवते, आणि प्रत्येकाच्या नावाचा एक शॉर्टकट बनवते. शॉर्टकटला फोल्डरचंच चित्र देते. विंडोज शॉर्टकटच्या नावाचं `.lnk` हे शेपूट कधीच दाखवत नाही, एक्स्टेन्शन दाखवण्याची सेटिंग चालू असली तरी नाही. म्हणून फरक ओळखायला तो छोटा बाण तेवढा उरतो.

नंतर दुकानात जाऊन मी अशा एका शॉर्टकटची प्रॉपर्टीज उघडली. तिथे `Target` च्या चौकटीत साधारण हे होतं (किड्याच्या फाइलचं नाव इथे बदललं आहे):

```
C:\Windows\system32\cmd.exe /c start kvtsm.vbs&start explorer Dakhale&exit
```

ही ओळ वाचली की सगळा डाव कळतो. `&` च्या अलीकडचा भाग किडा चालवतो, पलीकडचा भाग खरं, लपवलेलं फोल्डर उघडून देतो. वापरणाऱ्याला त्याचं फोल्डर मिळतं, म्हणून त्याला शंका येत नाही. आपण क्लिक करतो, काम होतं, आणि तेवढ्यात संगणकही बाधित होतो.

आता दुकान आणि शाळा यांच्यातलं कोडं सुटतं. दुकानात जे दिसत होतं ते भाऊसाहेबांचं फोल्डर नव्हतंच, ते व्हायरसने उभे केलेले शॉर्टकट होते. शाळेतल्या अँटीव्हायरसने आपलं काम चोख केलं. किड्याची फाइल काढली, शॉर्टकट काढले. पण खऱ्या फोल्डरवर लावलेली लपवण्याची खूण काढणं त्याने आपलं काम मानलं नाही, आणि बरेच अँटीव्हायरस मानत नाहीत. लपवलेलं असणं हा काही रोग नव्हे, विंडोज स्वतःच्या फाइलीही तशाच ठेवते. त्यामुळे आजारी संगणकावर सगळं दिसत होतं आणि निरोगी संगणकावर ड्राइव्ह रिकामा. भाऊसाहेब परत दुकानात गेले तेव्हा किड्याने शॉर्टकट नव्याने बनवले, म्हणून फाइली परत आल्यासारख्या वाटल्या.

ही लपवण्याची खूण असते तरी कुठे? बहुतेक छोटे पेन ड्राइव्ह एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. त्यात प्रत्येक फाइलची किंवा फोल्डरची 32 बाइटची एक नोंद असते आणि त्यातला एक बाइट खुणांसाठी राखलेला असतो. फोल्डर असण्याची किंमत 16, लपवलेलं असण्याची 2, सिस्टीमचं असण्याची 4. भाऊसाहेबांच्या दाखल्यांच्या फोल्डरच्या त्या बाइटमध्ये आधी 16 होते, किड्याने 22 केले. बदल एवढाच. आतल्या स्कॅनना, एक्सेलमधल्या आकड्यांना कुणी हात लावलेला नव्हता. विद्यार्थ्याचं नाव पटावर आहे, तो वर्गात बसलेलाही आहे, फक्त हजेरी घेताना त्याचं नाव पुकारलं जात नाही, तसा हा प्रकार.

यातला 4 हा आकडा जास्त त्रासदायक. नुसता 2 असता तर एक्सप्लोररच्या `View` मध्ये जाऊन `Hidden items` वर खूण केली की फोल्डर फिकट रंगात दिसलं असतं. भाऊसाहेबांनी तेही करून पाहिलं होतं, काहीच दिसलं नाही. लपवलेलं आणि वर सिस्टीमचं अशा दोन्ही खुणा असतील, तर विंडोज त्या वस्तूला स्वतःची महत्त्वाची फाइल समजते आणि ती दाखवण्यासाठी दुसरी, वेगळी सेटिंग लागते. `Hidden items` ने काही दिसलं नाही म्हणून फाइली गेल्या, असं समजून बरेच जण याच टप्प्यावर फॉरमॅट मारतात.

## कोणते पर्याय होते

अँटीव्हायरस बंद करणं. हा सर्वांत वाईट पर्याय, आणि तोच सर्वांत सहज सुचलेला. दुकानातून शॉर्टकटसह आलेला ड्राइव्ह अँटीव्हायरस बंद असलेल्या संगणकावर उघडला असता तर फोल्डर नक्की दिसली असती, पण पहिल्याच क्लिकमध्ये शाळेचा संगणकही त्या साखळीत गेला असता. मग तिथून प्रत्येक शिक्षकाचा पेन ड्राइव्ह.

फॉरमॅट मारणं. ड्राइव्ह साफ झाला असता आणि गुणांची एकमेव फाइल गेली असती. क्विक फॉरमॅटनंतर आतला मजकूर लगेच पुसला जात नाही, त्यामुळे रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरंच काही परत मिळू शकतं. पण अनेकदा फाइलींची नावं आणि फोल्डरची रचना जाते, आणि शेकडो स्कॅनपैकी कुठला दाखला कुणाचा ते एकेक उघडून बघावं लागतं. जे गेलंच नव्हतं ते आधी घालवायचं आणि मग शोधायचं, असा तो उद्योग झाला असता.

रिकव्हरी सॉफ्टवेअर लगेच चालवणं. शाळेतल्या एका तरुण सरांचा हा सल्ला होता. हे सॉफ्टवेअर पुसलेल्या फाइली शोधतं, आणि इथे काही पुसलेलंच नव्हतं. `Used space` चा आकडा अगदी थोडा आला असता तर मात्र मी हाच मार्ग धरला असता, आणि त्याआधी ड्राइव्हवर एकही नवीन फाइल लिहू दिली नसती.

एक्सप्लोररची सेटिंग बदलणं. फोल्डर ऑप्शन्समध्ये `Hide protected operating system files` वरची खूण काढली आणि लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू केला, तर सगळं दिसलं असतं. पण ही सेटिंग त्या संगणकापुरती आहे. ड्राइव्हवरचा आकडा 22 च राहतो, आणि मुख्याध्यापिका बाईंच्या संगणकावर तोच ड्राइव्ह पुन्हा रिकामा दिसतो. शिवाय फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन `Hidden` ची खूण काढावी म्हटलं, तर सिस्टीमची खूण असल्यामुळे ती चौकट पुसट होते, क्लिकच होत नाही.

`attrib` ही आज्ञा वापरणं. ती ड्राइव्हवरची खूणच काढते, म्हणून खरा इलाज हाच. पण तो करायचा कुठल्या संगणकावर, हा त्याहून मोठा प्रश्न होता. दुकानातल्या संगणकावर ती आज्ञा दिली असती तर फोल्डर दिसली असती आणि काही सेकंदांत किड्याने पुन्हा लपवली असती. अनेकांची तक्रार असते की `attrib` चालत नाही. ती चालते, संगणक आजारी असतो.

## काय केलं

पहिला निर्णय असा की ड्राइव्हवर काहीही बदलण्याआधी प्रत काढायची. शाळेच्या लॅबमध्ये एका जुन्या संगणकावर विंडोजऐवजी उबुंटू लिनक्स आहे. लिनक्स विंडोजच्या या लपवण्याच्या खुणेची पर्वा करत नाही, त्यामुळे ड्राइव्ह तिथे लावल्याबरोबर सगळी फोल्डर समोर आली. विंडोजची `.vbs` फाइल तिथे डबल क्लिक करूनही चालत नाही, म्हणून धोकाही नाही. सगळं उचलून त्या संगणकावर कॉपी केलं आणि गुणांची फाइल उघडून पाहिली. दोन्ही तुकड्यांचे गुण होते. भाऊसाहेबांनी चहा तेव्हा मागवला, त्याआधी विचारलं तरी नको म्हणत होते.

लिनक्स हाताशी नसेल तर हेच काम स्वच्छ विंडोजवर, वरची सेटिंग तात्पुरती बदलून करता येतं. प्रत काढणं महत्त्वाचं, साधन कुठलंही चालेल.

मग ड्राइव्ह शाळेच्या संगणकाला लावला. अँटीव्हायरस चालूच ठेवून त्याला ड्राइव्ह पूर्ण तपासू दिला. ड्राइव्हचं अक्षर `E:` होतं. ते आधी बघून घ्यायचं, कारण चुकून `C:` वर ही आज्ञा दिली तर विंडोजच्या स्वतःच्या फाइलींच्या खुणा उडतात. स्टार्टमध्ये `cmd` लिहून काळी खिडकी उघडली आणि आधी नुसतं विचारलं:

```
attrib E:\* /d
```

उत्तर असं आलं:

```
A  SH                E:\Gun_10vi.xlsx
   SH                E:\Dakhale
   SH                E:\Pagarbile
   SH                E:\System Volume Information
```

`S` म्हणजे सिस्टीम, `H` म्हणजे लपवलेलं, `A` ही साध्या फाइलीवर नेहमी असणारी निरुपद्रवी खूण. `/d` दिलं नाही तर ही आज्ञा फक्त फाइली बघते, फोल्डर वगळते. फोल्डर परत न येण्याचं हेही एक नेहमीचं कारण आहे.

भाऊसाहेबांना दाखवण्यासाठी एक गंमत केली. फक्त `-h` देऊन पाहिलं:

```
attrib -h E:\Dakhale
Not resetting system file - E:\Dakhale
```

सिस्टीमची खूण असेपर्यंत विंडोज लपवण्याची खूण एकटी काढू देत नाही. दोन्ही एकदम काढाव्या लागतात. म्हणून खरी आज्ञा ही:

```
attrib -s -h -r E:\* /s /d
```

`-r` ने केवळ-वाचण्याची खूण असलीच तर निघते. `/s` ने आतल्या फोल्डरमध्येही आज्ञा लागू होते. या प्रकरणातल्या किड्याने फक्त पहिली पातळी लपवली होती, त्यामुळे `/s` नसतं तरी भागलं असतं. पण काही किडे आतपर्यंत जातात, म्हणून ते देऊन ठेवलेलं बरं. आज्ञा दिल्यावर खिडकी काही बोलत नाही, कर्सर थोडा वेळ नुसता थांबतो. खूप फाइली असतील तर हा वेळ लांबतो आणि माणूस घाबरून मध्येच ड्राइव्ह उपटतो. पुढची `>` खूण येईपर्यंत थांबायचं.

एक्सप्लोररमध्ये फोल्डर परत दिसली, बाण नसलेली. सोबत `System Volume Information` आणि काही फोल्डरमध्ये `desktop.ini`, `Thumbs.db` अशाही वस्तू दिसू लागल्या. भाऊसाहेब त्या पुसायला निघाले होते. ही विंडोजचीच पिल्लं आहेत, आज्ञेने सरसकट सगळ्यांचा पडदा काढला म्हणून दिसतात, त्यांचा त्रास काही नाही.

पडदा काढल्यावर लपून बसलेला किडाही दिसू शकतो, हे लक्षात ठेवायला हवं. म्हणून फोल्डर उघडण्याआधी एक्सप्लोररमध्ये `File name extensions` वर खूण केली आणि आपण न बनवलेल्या `.vbs`, `.js` किंवा `.exe` फाइली शोधल्या. फोल्डरचं चित्र लावलेली `.exe` फाइल हाही एक जुना प्रकार आहे. इथे अँटीव्हायरसने सगळं आधीच काढलं होतं. राहिलेच असते तर शॉर्टकट `del E:\*.lnk` ने गेले असते. ही आज्ञा आपण स्वतः बनवलेले शॉर्टकटही पुसते, पण पेन ड्राइव्हवर तसे सहसा नसतात.

यानंतर दुकान. ते सोडून दिलं असतं तर पुढच्याच प्रिंटला सगळं पहिल्यापासून. दुकानदार दादांना आधी पटेना, माझा संगणक तर चांगला चालतो म्हणाले. म्हणून एक फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह घेतला, त्यात एकच मजकुराची फाइल ठेवली आणि त्यांच्या संगणकाला लावला. खिडकी उघडी ठेवून दोघं बघत बसलो. काही सेकंदांत फाइलीच्या चित्रावर बाण आला आणि शेजारी `System Volume Information` नावाचाही एक शॉर्टकट उगवला. हे नाव शॉर्टकट म्हणून दिसलं की वेगळ्या पुराव्याची गरज नाही, कारण तसा शॉर्टकट शहाणा माणूस स्वतः कधी बनवत नाही. दादा म्हणाले, "म्हणजे सगळ्या गावाला हे मीच वाटतोय की काय!"

त्यांच्याकडे विंडोज 7 होतं. त्याची अधिकृत सुरक्षा अपडेट 14 जानेवारी 2020 ला थांबली. टास्क मॅनेजरमध्ये `wscript.exe` चालू होता आणि `Command Line` चा रकाना चालू केल्यावर तो कुठली फाइल चालवतोय तेही दिसलं. क्रम इथे महत्त्वाचा आहे. आधी `wscript.exe` बंद करायचा, मग फाइल पुसायची. उलट केलं तर चालू असलेली स्क्रिप्ट स्वतःची प्रत परत टाकते. तिची एक प्रत तात्पुरत्या फाइलींच्या `%temp%` फोल्डरमध्ये होती, दुसरी स्टार्टअपच्या फोल्डरमध्ये, आणि संगणक सुरू होताना ती आपोआप चालावी म्हणून विंडोजच्या सेटिंगची नोंदवही असलेल्या रजिस्ट्रीच्या `Run` मध्ये एक नोंद होती. तिन्ही काढलं, संगणक बंद करून सुरू केला, `wscript.exe` परत आला नाही. मग तोच चाचणीचा ड्राइव्ह पुन्हा फॉरमॅट करून, नवीन फाइल ठेवून लावला. या वेळी फाइल तशीच राहिली.

## निष्पत्ती

भाऊसाहेबांची एकही फाइल गेली नाही. गुण वेळेत भरले गेले.

पण प्रकरण तिथे संपलं नाही. या जातीचे बरेच किडे फाइली लपवण्यावर थांबत नाहीत, बाहेरच्या माणसाला त्या संगणकावर आज्ञा चालवता येतील असं मागचं दार उघडून ठेवतात. मायक्रोसॉफ्ट ज्याला जेनक्सस म्हणते तो किडा नेमका असा आहे, आणि 2014 मध्ये कंपनीने त्याच्याविरुद्ध न्यायालयीन कारवाईही केली होती. दुकानातला किडा त्याच वळणाचा होता. भाऊसाहेबांनी त्या संगणकावरून शाळेचा ईमेल आणि एकदा वीज गेली असताना पगारबिलांची शालार्थ ही वेबसाइटही उघडली होती. म्हणून त्या दोन्हीचे पासवर्ड शाळेच्या संगणकावरून बदलले. दुकानदारांनाही त्यांचं बँकेचं लॉगिन दुसऱ्या संगणकावरून बदलायला सांगितलं. संगणक पुन्हा नव्याने बसवून घ्या असाही माझा आग्रह होता. हाताने काढलेला किडा पूर्ण गेला असं छातीठोकपणे सांगता येत नाही. हंगाम संपल्यावर बघू, एवढं दादा म्हणाले.

बातमी पसरल्यावर शाळेतल्या एका बाईंनी त्यांचा पेन ड्राइव्ह आणून दिला. त्यांनी तीच `attrib` आज्ञा स्वतःच देऊन पाहिली होती, तरी फोल्डर आली नव्हती. आत फक्त एक नाव नसलेलं फोल्डर उगवलं होतं. हा वेगळ्या जातीचा किडा. तो फाइली जागेवर लपवत नाही, एका नव्या फोल्डरमध्ये हलवतो आणि त्या फोल्डरला नाव म्हणून रिकाम्या जागेसारखं दिसणारं एक अक्षर देतो. ड्राइव्ह उघडल्यावर ड्राइव्हच्याच नावाचा एक शॉर्टकट तेवढा दिसतो. बाईंना ते बिननावाचं फोल्डर बिघाड वाटलं होतं आणि त्या ते पुसणार होत्या. त्यांचे सगळे पाठाचे आराखडे त्यातच होते. फाइली बाहेर हलवल्या, आणि फोल्डर खरोखर रिकामं झाल्यावरच पुसलं.

## वेगळं काय करता आलं असतं

अँटीव्हायरसची सूचना वाचली असती तर बराच गोंधळ वाचला असता. काढलेल्या वस्तूंच्या यादीत `Dakhale.lnk`, `Pagarbile.lnk` अशी नावं होती. भाऊसाहेबांनी नंतर ती यादी पाहिली तेव्हा फोल्डरांची नावं बघून त्यांना आणखीच खात्री पटली की अँटीव्हायरसने फोल्डरच पुसली. शेवटची तीन अक्षरं बघितली असती तर पुसला गेला तो शॉर्टकट, फोल्डर नव्हे, हे कळलं असतं.

दुसऱ्यांदा दुकानात जाणं टाळायला हवं होतं. एका संगणकावर फाइली दिसतात आणि दुसऱ्यावर नाही, असं झालं की ज्यावर दिसतात तो चांगला, असं आपण धरून चालतो. या व्हायरसच्या बाबतीत नेमकं उलट असतं. जिथे बाणासह दिसतात तोच संशयित.

प्रिंटसाठी कामाचा पेन ड्राइव्ह नेणं आता बंद झालं आहे. प्रिंट काढायची पीडीएफ तेवढी एका जुन्या 4 जीबीच्या ड्राइव्हवर जाते आणि परत आल्यावर तो सरळ फॉरमॅट होतो. गुणांची फाइल संगणकावर भरली जाते. एसडी कार्डाच्या अडॉप्टरवर कडेला लॉकचं बटण असतं. कार्ड लॉक करून नेलं तर वाचक यंत्र सहसा त्यावर काही लिहू देत नाही, हाही विचार झाला. पण दुकानात कार्ड लावायची खाच नव्हती.

शाळेच्या संगणकांवर मी `.vbs` आणि `.js` फाइली चालणंच बंद केलं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या काळ्या खिडकीत ही आज्ञा दिली:

```
reg add "HKLM\Software\Microsoft\Windows Script Host\Settings" /v Enabled /t REG_DWORD /d 0 /f
```

यानंतर कुणी चुकून असा शॉर्टकट दाबला तरी स्क्रिप्ट बंद असल्याची चौकट येते आणि किडा सुरू होत नाही. याची किंमतही आहे. विंडोजच्या परवान्याची माहिती दाखवणारी `slmgr` ही आज्ञा अशाच स्क्रिप्टवर चालते, त्यामुळे ती लागेल तेव्हा 0 च्या जागी 1 करून नंतर परत 0 करावं लागतं. `.exe` वर चालणाऱ्या किड्यांना, म्हणजे बाईंच्या पेन ड्राइव्हवर आला तशांना, या आज्ञेने काहीच फरक पडत नाही. त्यांच्यासाठी अँटीव्हायरसच चालू असावा लागतो, आणि त्याचा पासवर्ड अजून भाऊसाहेबांना दिलेला नाही.